ही फायनान्स कंपनी खरंच आरबीआयकडे रजिस्टर आहे का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी काही वर्षं एका फायनान्स कंपनीच्या लोन डेस्कवर काम केलंय, त्यामुळे नातेवाईक, शेजारी, जुने कलीग सगळे लोन घ्यायच्या आधी मला एक फोन करतात आणि विचारतात की अमुक कंपनी खरी आहे का. काही जण लोन घेतल्यावर फोन करतात, तेव्हा फार वाईट वाटतं. तेच तेच प्रश्न येतात म्हणून इथे एकदाच नीट लिहून ठेवतोय.

आरबीआयकडे रजिस्टर असणं म्हणजे नक्की काय?

बँक नसलेली जी कंपनी लोन द्यायचा धंदा करते तिला एनबीएफसी म्हणतात. रिझर्व्ह बँक कायदा १९३४ च्या कलम ४५-आयए प्रमाणे अशा कंपनीला धंदा सुरू करायच्या आधी आरबीआयकडून सर्टिफिकेट ऑफ रजिस्ट्रेशन घ्यावं लागतं, बोलताना सगळे त्याला सीओआर म्हणतात. हे सर्टिफिकेट कंपनीला मिळतं. एजंटला मिळत नाही, ब्रांचला वेगळं मिळत नाही आणि मोबाइल ॲपला तर अजिबात मिळत नाही. म्हणून कुणी "आमचं ॲप आरबीआय अप्रूव्हड आहे" म्हणालं तर ते वाक्यच चुकीचं आहे, त्याला लगेच विचारायचं की ॲपच्या मागे लोन देणारी कंपनी कुठली, तिचं पूर्ण नाव सांगा.

त्यांनी कंपनी रजिस्ट्रेशनचं सर्टिफिकेट, जीएसटी नंबर, उद्यम सर्टिफिकेट सगळं पाठवलंय. मग काय प्रॉब्लेम आहे?

सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. कंपनी स्थापन झाली की तिला कंपनी रजिस्ट्रारकडून एक सर्टिफिकेट आणि सीआयएन नावाचा २१ अक्षरी नंबर मिळतो. तो प्रत्येक कंपनीला मिळतो, कपड्याच्या दुकानाची प्रायव्हेट लिमिटेड काढली तरी मिळतो. त्यावर भारत सरकार लिहिलेलं असतं, अशोकस्तंभ असतो, म्हणून बघणाऱ्याला वाटतं झालं, सरकारमान्य आहे. पण लोन द्यायची परवानगी त्यात नाहीये. जीएसटी नंबर हा कर भरण्यासाठी, उद्यम हे लघुउद्योग म्हणून नोंद करण्यासाठी. या तिन्हीचा लोन देण्याच्या परवान्याशी काही संबंध नाही.

सीआयएनचा आपल्याला उपयोग मात्र खूप आहे, तो पुढे सांगतो.

मग चेक कुठे करायचं?

दोन ठिकाणं आहेत, दोन्ही फुकट.

पहिलं आरबीआयची स्वतःची साइट, `rbi.org.in`. तिथे एनबीएफसींची यादी एक्सेल फाइलमध्ये असते, ती डाउनलोड करायची. मोबाइलवर उघडायला जरा त्रास होतो कारण फाइल लांबलचक आहे, पण शीट उघडून सर्च मारला की काम होतं. त्यात कंपनीचं नाव, आरबीआयचं कुठलं रीजनल ऑफिस, कंपनीचा प्रकार, पब्लिक डिपॉझिट घ्यायची परवानगी आहे की नाही, सीआयएन, पत्ता आणि इमेल असं सगळं असतं. ज्या कंपन्यांचं रजिस्ट्रेशन रद्द झालंय त्यांची यादी वेगळी असते, तीही बघायची. बरेच जण फक्त गुगलवर नाव टाकतात आणि पाच वर्षांपूर्वीची कुठली तरी यादी बघून खूश होतात, मधल्या काळात त्या कंपनीचं सर्टिफिकेट रद्द झालेलं असू शकतं. आरबीआय वेळोवेळी अशी सर्टिफिकेटं रद्द करत असते आणि त्याची प्रेस रिलीज काढते.

दुसरं सचेत पोर्टल, `sachet.rbi.org.in`. हे २०१६ मध्ये आरबीआयनेच सुरू केलं. एक्सेल उघडायचा कंटाळा असेल तर तिथे कंपनी शोधता येते, आणि बोगस निघाली तर तिथूनच तक्रारही टाकता येते.

पत्ता मात्र स्वतःच्या हाताने टाइप करा. समोरच्याने "हे घ्या आरबीआयची लिंक, इथे चेक करा" म्हणून व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या लिंकवर चेक करायचं नाही.

यादीत नाव शोधताना काय काय जुळवायचं?

फक्त नाव जुळवून थांबू नका. एकसारखी नावं खूप असतात, श्री अमुक फायनान्स, श्री अमुक फिनकॅप, अमुक फायनान्स अँड इन्व्हेस्टमेंट, आणि फसवणारे मुद्दाम एखादं अक्षर इकडचं तिकडे करतात. म्हणून समोरच्याने पाठवलेल्या पत्रातला सीआयएन आणि आरबीआयच्या यादीतला सीआयएन एकेक अक्षर लावून बघायचा. पत्रात सीआयएन नसेलच तर मागून घ्यायचा. कंपनी कायद्याप्रमाणे लेटरहेडवर तो असायलाच हवा.

सीआयएन वाचताही येतो. पहिलं अक्षर L म्हणजे शेअर बाजारात लिस्टेड, U म्हणजे अनलिस्टेड. मग पाच आकडे धंद्याच्या प्रकाराचे, मग राज्याची दोन अक्षरं, महाराष्ट्र असेल तर MH, मग कंपनी स्थापन झाल्याचं वर्ष, मग PTC किंवा PLC म्हणजे प्रायव्हेट की पब्लिक, आणि शेवटी सहा आकडे. आता पत्रात लिहिलंय "१९९० पासून तुमच्या सेवेत" आणि सीआयएनमध्ये वर्ष आहे २०२१, तर तिथेच थांबून प्रश्न विचारायचा.

इमेलबद्दल एक गोष्ट. लोक सांगतात जीमेल असेल तर बोगस. पण आरबीआयच्या यादीतल्या कितीतरी छोट्या कंपन्यांचा नोंदवलेला इमेलच जीमेल किंवा रेडिफमेलचा आहे. त्यामुळे जीमेल दिसला एवढ्यावरून निकाल लावू नका. तुम्हाला आलेला इमेल आणि यादीतला इमेल एक आहे का ते बघा, तो खरा चेक आहे.

यादीत कंपनी सापडली, सीआयएनही जुळला. आता निश्चिंत?

नाही, अजून अर्धं काम बाकी आहे. कंपनी खरी आहे एवढंच कळलं. तुमच्याशी बोलणारा माणूस त्या कंपनीचा आहे हे अजून कळलेलं नाही. आरबीआयची यादी सगळ्यांना खुली आहे, म्हणजे फसवणाऱ्यालाही खुली आहे. तो त्यातूनच एक खरी, फारशी कुणाला माहीत नसलेली कंपनी निवडतो, तिचं नाव, सीआयएन, पत्ता सगळं उचलतो आणि तिच्या नावाचं लेटरहेड बनवतो. तुम्ही चेक केलंत तर सगळं जुळणारच, कारण त्याने तिथूनच कॉपी केलंय.

माझ्या मावसभावाचं हेच झालं. त्याचं टू-व्हीलर रिपेअरचं गॅरेज आहे, त्याला ३ लाख हवे होते. फेसबुकवर जाहिरात बघून नंबर टाकला, अर्ध्या तासात फोन आला, माणूस मराठीतच बोलला, अगदी अदबीने, दादा दादा करून. आधार, पॅन, बँक पासबुकचा फोटो घेतला आणि दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर सँक्शन लेटर. त्यावर एका एनबीएफसीचं नाव, खाली आरबीआयचा लोगो, शिक्का, सही. भाऊ हुशार आहे, त्याने नाव आरबीआयच्या यादीत शोधलं आणि ते सापडलं. म्हणून त्याने प्रोसेसिंग फी ३,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ५४० असे ३,५४० भरले, यूपीआयवर. मग दुसरा फोन, लोन इन्शुरन्सचे ९,८०० भरा, लोनबरोबर परत मिळतील. तेव्हा त्याने मला फोन केला.

मी त्याला तीन गोष्टी बघायला सांगितल्या. पहिली, ३,५४० गेले कुठे? यूपीआयच्या हिस्टरीत बघितलं तर एका माणसाच्या नावाचं खातं, कंपनीचं नाही. दुसरी, यादीतला इमेल आणि सँक्शन लेटरवरचा इमेल लाव. यादीतला कंपनीच्या स्वतःच्या डोमेनचा होता, लेटरवरचा जीमेलचा, कंपनीच्या नावापुढे लोन डिपार्टमेंट जोडलेलं. तिसरी, यादीतल्या इमेलवर सँक्शन लेटरचा फोटो पाठव आणि विचार हे तुमचं आहे का. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं की असा कुठलाही अर्ज आमच्याकडे नाही, हा माणूस आमचा नाही, आणि आमच्या नावाने असं चालू असल्याच्या तक्रारी आधीही आल्यात. ९,८०० वाचले. ३,५४० गेले ते गेलेच.

त्या कंपनीची यात काही चूक नव्हती, तिचं फक्त नाव वापरलं गेलं. म्हणून सांगतो, चेकचा दुसरा भाग कधीच सोडायचा नाही. कंपनीशी संपर्क आरबीआयच्या यादीतल्या इमेलवरून किंवा कंपनीच्या साइटवरच्या नंबरवरून करायचा. समोरच्याने "खात्री करायला आमच्या सिनिअरला फोन करा" म्हणून दिलेल्या नंबरवरून करायचा नाही, कारण तो सिनिअर त्याच्याच शेजारी बसलेला असतो.

पैसे आधी मागितले म्हणजे फ्रॉडच का? प्रोसेसिंग फी तर खऱ्या कंपन्याही घेतात ना?

घेतात, बरोबर आहे. पण नेहमीच्या पर्सनल लोनमध्ये ती बहुतेक वेळा लोनच्या रकमेतून कापून घेतात, म्हणजे १ लाखाचं लोन आणि फी २,००० असेल तर तुमच्या खात्यात ९८,००० येतात. होम लोनसारख्या ठिकाणी लॉगिन फी आधी घेतात, पण तीही कंपनीच्या नावाच्या खात्यात आणि पावतीसकट. कुणाच्या पर्सनल यूपीआयवर लोन मिळायच्या आधी फी, मग इन्शुरन्स, मग एनओसी, मग "आरबीआय क्लिअरन्स" असं एकामागून एक मागत गेले तर तिथेच थांबा. आरबीआय कुणाचं वैयक्तिक लोन क्लिअर करत नाही, त्यासाठी पैसेही घेत नाही.

लोन ॲपचं कसं चेक करायचं? ॲपवर तर कंपनीचं नावच दिसत नाही.

ॲपमध्ये दोन पार्टी असतात. एक ॲप चालवणारी टेक कंपनी आणि दुसरी खरे पैसे देणारी बँक किंवा एनबीएफसी. आपल्याला दुसरीचं नाव हवंय. ते लोन ॲग्रीमेंटमध्ये असतं, आणि सही करायच्या आधी जे की फॅक्ट स्टेटमेंट द्यावंच लागतं, लोक केएफएस म्हणतात ते, त्यात व्याज आणि सगळा खर्च धरून वर्षाचा दर आणि तक्रार अधिकाऱ्याचा फोन, इमेल असतो. केएफएस दाखवतच नाहीत, थेट "ॲक्सेप्ट" दाबायला लावतात, असं ॲप असेल तर पुढे जाऊ नका.

नाव मिळालं की वर सांगितलं तसं यादीत शोधा. मग उलट्या बाजूनेही चेक करा. त्या एनबीएफसीच्या साइटवर जा, तिथे ती कुठल्या कुठल्या ॲपबरोबर काम करते ती यादी लावलेली असावी लागते, त्यात हे ॲप आहे का बघा. १ जुलै २०२५ पासून आरबीआयच्या साइटवर सिटिझन्स कॉर्नरमध्येही सगळ्या कंपन्यांनी कळवलेल्या लोन ॲप्सची डिरेक्टरी आलीय. चांगली सोय आहे, पण तिची मर्यादा लक्षात घ्या. ती माहिती कंपन्यांनी स्वतः भरलेली आहे, आरबीआयने ॲप तपासून दिलेला शिक्का नाही. डिरेक्टरीत आहे म्हणजे अमुक कंपनी म्हणते की हे ॲप आमचं, इतकाच अर्थ. पण डिरेक्टरीत नाही आणि कंपनीच्या साइटवरही नाही, तर मग मी तरी लोन घेणार नाही.

प्ले स्टोअरवर आहे, पाच स्टार आहेत, लाखो डाउनलोड आहेत, याला काही किंमत नाही. आरबीआयच्या वर्किंग ग्रुपने २०२१ च्या सुरुवातीला वेगवेगळी ॲप स्टोअर तपासली तेव्हा साधारण ११०० लोन ॲप्स सापडली आणि त्यातली ६०० च्या आसपास बेकायदा होती.

रजिस्टर कंपनीचं ॲप आहे हे वागण्यावरून ओळखता येतं का?

बऱ्यापैकी येतं. नियम असा आहे की लोनचे पैसे एनबीएफसीच्या खात्यातून थेट तुमच्या खात्यात यायला हवेत आणि तुमचा हप्ताही थेट तिच्या खात्यात जायला हवा, मधल्या ॲपवाल्याच्या खात्यातून फिरून नाही. म्हणजे पैसे आले की बँक स्टेटमेंटमध्ये पाठवणाऱ्याचं नाव बघायचं. ते ॲग्रीमेंटमधल्या कंपनीशी जुळलं नाही तर गडबड आहे.

आणि दुसरं, ॲपने तुमचे कॉन्टॅक्ट, कॉल लॉग, फोटो-फाइल्स मागायलाच नकोत. केवायसीसाठी कॅमेरा, मायक्रोफोन किंवा लोकेशन एकदा तुमच्या परवानगीने घेता येतं, तेवढंच. इन्स्टॉल करताच कॉन्टॅक्टची परमिशन मागणारं ॲप उद्या हप्ता चुकला की तुमच्या सासऱ्यांना आणि बॉसला फोन करणार, त्यासाठीच ती परमिशन हवी असते.

आमच्या गावात सावकार आहे, पतसंस्था आहे, त्या आरबीआयच्या यादीत दिसत नाहीत. मग त्या बोगस का?

नाही, त्यांचा रेग्युलेटर वेगळा आहे, त्यामुळे त्यांना एनबीएफसीच्या यादीत शोधून उपयोग नाही. पतसंस्था सहकार खात्याकडे नोंदलेली असते. मल्टिस्टेट सोसायटी असेल तर दिल्लीच्या केंद्रीय निबंधकाकडे. निधी कंपनी कंपनी मंत्रालयाखाली येते आणि ती फक्त स्वतःच्या सभासदांनाच लोन देऊ शकते. चिट फंड राज्य सरकारच्या रजिस्ट्रारकडे.

सावकाराचं मात्र नीट समजून घ्या. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याप्रमाणे त्याला सहकार खात्याकडून परवाना लागतो, आणि तो परवाना ठरावीक क्षेत्रापुरताच असतो. म्हणून तालुक्याच्या सहायक निबंधकाच्या ऑफिसात जाऊन विचारायचं की या नावाचा परवाना चालू आहे का आणि आपलं गाव त्यात येतं का. व्याजाचा दरही सरकारने ठरवलाय. शेतकऱ्याला तारण ठेवून वर्षाला ९ टक्के, बिनतारण १२ टक्के, इतरांना तारण १५ आणि बिनतारण १८. महिन्याला पाच टक्के, दहा टक्के घेणारा माणूस परवाना दाखवत असला तरी कायदा मोडतोय.

उलट एनबीएफसीला राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत, हे सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये केरळ आणि गुजरातच्या केसमध्ये स्पष्ट केलंय. म्हणून रजिस्टर कंपनी म्हणजे स्वस्त लोन असं समजू नका. रजिस्टर कंपनीचा दर २४-३० टक्केही असू शकतो. रजिस्ट्रेशनचा फायदा हा की दर आधी लेखी सांगावा लागतो आणि तक्रार करायला दार उघडं असतं.

कंपनी एफडीही घेते म्हणतात, रजिस्टर आहे, मग ठेवू का पैसे?

यादीत डिपॉझिटचा जो वेगळा कॉलम आहे तो बघा. बहुतेक एनबीएफसींना पब्लिक डिपॉझिट घ्यायची परवानगीच नाहीये. ज्यांना आहे त्यांनाही १२.५ टक्क्यांच्या वर व्याज देता येत नाही, आणि बँकेतल्या ठेवीला जो ५ लाखांचा विमा असतो तो इथे नसतो.

यादीत कंपनी सापडलीच नाही, पण लोन आधीच घेतलंय. काय करू?

आधी नाव नीट तपासा, कधी कधी कंपनीने नाव बदललेलं असतं किंवा दुसऱ्या कंपनीत विलीन झालेली असते, सीआयएन टाकून कंपनी मंत्रालयाच्या साइटवर, `mca.gov.in` वर, बघितलं तर कळतं. हाउसिंग फायनान्सवाली असेल तर तिची यादी वेगळी असते, ती नॅशनल हाउसिंग बँकेच्या साइटवरही मिळते. तरीही सापडली नाही तर सचेतवर तक्रार टाका. धमक्या, फोटो मॉर्फ करणं, नातेवाइकांना मेसेज असं काही चालू असेल तर पोलिसांकडे जा आणि `cybercrime.gov.in` वरही नोंदवा.

ज्या कंपनीचं रजिस्ट्रेशन तुम्ही लोन घेतल्यावर रद्द झालं तिचं लोन मात्र माफ होत नाही, हप्ते चालू ठेवायचे आणि प्रत्येक पावती जपायची.

फी भरून बसलोय आणि आता कळलं की फ्रॉड आहे. पैसे परत मिळतील का?

वेळेवर आहे सगळं. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन करा, उद्या सकाळी करू असं नको. पैसे ज्या खात्यात गेले तिथून पुढे सरकवायच्या आधी बँकेला कळलं तर ती रक्कम अडवता येते, भावाच्या केसमध्ये तीन दिवस उलटून गेले होते म्हणून काही हाती लागलं नाही. फोन करताना व्यवहाराचा यूटीआर नंबर, रक्कम, वेळ आणि ज्या यूपीआय आयडीवर गेले तो जवळ ठेवा. आपल्या बँकेलाही लगेच कळवा.

खऱ्या, रजिस्टर कंपनीबद्दल तक्रार असेल, म्हणजे जास्त चार्ज लावले, एनओसी देत नाहीत वगैरे, तर रस्ता वेगळा आहे. आधी कंपनीकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर आरबीआयच्या लोकपालाकडे `cms.rbi.org.in` वर. काही माहिती हवी असेल तर १४४४८ हा नंबर आहे. बिनरजिस्टर कंपनीविरुद्ध लोकपालाकडे जाता येत नाही.

आणि तो चॅट डिलीट करू नका. भावाने लाजेपोटी सगळं चॅट पुसून टाकलं होतं, जाहिरातीचा स्क्रीनशॉटही नव्हता, शेवटी पोलिसांना द्यायला फक्त यूपीआयची हिस्टरी आणि ते सँक्शन लेटर उरलं, आणि तेही मला फॉरवर्ड केलेलं होतं म्हणून.